रिफ्लेक्स आर्कची आकृती: नावं कुठून सुरू करायची

प्रश्न: «दहावीला आहे, सेमी इंग्लिश. तव्याला हात लागतो त्या रिफ्लेक्स आर्कच्या आकृतीत रिसेप्टर, सेन्सरी न्यूरॉन, रिले न्यूरॉन आणि इफेक्टर ही नावं योग्य जागी द्यायची होती. क्रम मला तोंडपाठ आहे, तरी दोन नावं चुकली, कारण पेपरातली आकृती पुस्तकापेक्षा उलटी होती. आकृती कशीही दिली तरी ओळखायचं कसं?»

तुझा क्रम बरोबर आहे, त्यामुळे तो पुन्हा पाठ करण्यात वेळ घालवू नकोस. तो क्रम आहे संदेशाच्या प्रवासाचा. आकृतीत मात्र तुला जागा ओळखायच्या असतात. पुस्तकातल्या एकाच आकृतीवर सराव केला की प्रवासाचा क्रम आणि कागदावरची डावी-उजवी बाजू मनात एकमेकांना चिकटून बसतात. मग पेपर काढणाऱ्याने आकृती आरशात धरल्यासारखी फिरवली की हात सवयीने जुन्याच जागी नाव लिहितो. मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवतो आणि पेपर तपासतो. या आकृतीत गेलेले बहुतेक गुण याच कारणाने जातात. सेन्सरी आणि मोटर यांच्या तारांची अदलाबदल ही सर्वांत नेहमीची चूक.

म्हणून सुरुवात नावांपासून करू नकोस, मेरुरज्जूच्या कापापासून कर. आकृतीत तो साधारण गोल किंवा लंबगोल दिसतो आणि आत फुलपाखरासारखा करडा भाग असतो. या फुलपाखराचे चारही पंख सारखे नसतात. पाठीच्या बाजूचे दोन पंख अरुंद असतात आणि जवळजवळ कडेपर्यंत पोचतात. पोटाच्या बाजूचे दोन पंख रुंद आणि बोथट असतात, ते कडेच्या बरेच आत थांबतात. पोटाच्या बाजूला मधोमध एक खोल, स्पष्ट खाचही असते. पाठीकडची खाच त्या मानाने अगदी बारीक असते. नीट काढलेल्या आकृतीत एवढ्यावरूनही पाठ कुठली आणि पोट कुठलं हे कळतं. पण शाळेच्या पेपरातली छपाई नेहमीच इतकी बारकाईची नसते, त्यामुळे आणखी भरवशाची खूण लागते.

ती खूण म्हणजे गाठ. मेरुरज्जूच्या प्रत्येक बाजूला चेतातंतूंची दोन मुळं जोडलेली असतात, एक पाठीकडून आणि एक पोटाकडून. पाठीकडच्या मुळावर, मेरुरज्जूच्या बाहेर, एक फुगीर गाठ असते. तिला डॉर्सल रूट गँग्लिऑन म्हणतात. सेन्सरी न्यूरॉनची सेल बॉडी या गाठीत असते. ती तंतूच्या टोकाला नसून वाटेतच, एका आखूड दांड्यावर बाजूला टांगल्यासारखी असते. मोटर न्यूरॉनची सेल बॉडी मात्र मेरुरज्जूच्या आत, पोटाकडच्या रुंद पंखात असते, त्यामुळे पोटाकडच्या मुळावर अशी गाठ नसते. म्हणजे आकृती वरची खाली केली किंवा डावीची उजवी केली, तरी ज्या तारेवर गाठ आहे ती सेन्सरी. हे कागदाच्या दिशेवर अजिबात अवलंबून नाही.

ही वाटणी कुणी सोयीसाठी ठरवलेली नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा माजाँदी याने 1822 साली कुत्र्याच्या पिल्लांवर ती मुळं वेगवेगळी कापून पाहिली. पाठीकडचं मूळ कापलं की त्या भागाची संवेदना गेली, पण हालचाल राहिली. पोटाकडचं कापलं की हालचाल गेली. त्याआधी 1811 मध्ये चार्ल्स बेल यांनी पोटाकडच्या मुळाचा हालचालीशी असलेला संबंध दाखवला होता, म्हणून या नियमाला दोघांचं नाव मिळालं. आज भूल न देता केलेले ते प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. पण संदेश पाठीकडून आत शिरतो आणि पोटाकडून बाहेर पडतो, ही आपल्या आकृतीतली मुख्य गोष्ट तिथूनच पक्की झाली.

आता एक उलटी आकृती घेऊन प्रत्यक्ष सोडवू. समजा मेरुरज्जूचा काप उजवीकडे आहे आणि हात डावीकडे, बोटाचं टोक तव्याला टेकलेलं. कापापासून दोन तारा हाताकडे जातात. वरची तार दंडातल्या स्नायूत संपते, खालची बोटापर्यंत जाते आणि मेरुरज्जूपाशी तिच्यावर गाठ आहे. नावासाठी पाच रेषा दिल्या आहेत. अ दंडाच्या स्नायूवर टेकते, ब वरच्या तारेवर, क खालच्या तारेवर, ड फुलपाखराच्या आतल्या एका आखूड पेशीवर आणि इ बोटाच्या टोकाच्या कातडीवर.

अक्षरांच्या क्रमाने नावं भरणारा विद्यार्थी अ ला रिसेप्टर लिहितो आणि तिथून पुढचं सगळं घसरतं. तू अक्षरांकडे बघूच नकोस. आधी गाठ शोध. ती खालच्या तारेवर आहे, म्हणजे क सेन्सरी न्यूरॉन, आणि या आकृतीत पाठीची बाजू खाली आहे. अरुंद पंख खालीच आहेत ना, हे लगेच पाहून घे. असतील तर दोन खुणा जुळल्या. आता त्या तारेवरून मेरुरज्जूच्या उलट दिशेने, बाहेर जा. ती जिथे संपते तिथे रिसेप्टर, म्हणजे इ. मग त्याच तारेवरून परत आत ये. ती करड्या भागात ज्या आखूड पेशीपाशी थांबते ती रिले न्यूरॉन, म्हणजे ड. रिलेच्या दुसऱ्या टोकापासून जी पेशी सुरू होऊन बाहेर पडते ती मोटर न्यूरॉन, म्हणजे ब. ती ज्यात संपते तो इफेक्टर, म्हणजे अ. संदेशाच्या वाटेने वाचलं तर उत्तर इ, क, ड, ब, अ असं येतं. तुझा पाठ केलेला क्रम उपयोगी पडतो तो इथे, शेवटी पडताळून बघायला.

गाठ काढलेलीच नसेल तर? छोट्या, ढोबळ आकृत्यांत असं होतं. तेव्हा बाण बघ. मेरुरज्जूकडे जाणारा बाण असलेली तार सेन्सरी, दूर जाणारी मोटर. बाणही नसतील तर बाहेरची टोकं बघ: कातडीत संपणारी सेन्सरी, स्नायूत संपणारी मोटर. तव्याच्या आकृतीत या टोकांवरून सहसा काम होतं. गुडघ्याच्या आकृतीत मात्र ती युक्ती फसते. त्याबद्दल पुढे सांगतो.

रिले न्यूरॉनपाशी आणखी एक फसगत होते. «मेरुरज्जूच्या आत आहे ती रिले» असा सोपा नियम मुलं करून घेतात. पण आत तर तिन्ही पेशी असतात! सेन्सरी न्यूरॉनचं शेवटचं टोक आत शिरलेलं असतं आणि मोटर न्यूरॉनची सेल बॉडी आतच असते. पेपर काढणाऱ्याने नावाची रेषा मोटर न्यूरॉनच्या सेल बॉडीवर टेकवली की या नियमाने ती हमखास रिले ठरते. म्हणून असं लक्षात ठेव: तव्याच्या आकृतीत जिची दोन्ही टोकं मेरुरज्जूच्या आत आहेत ती रिले. रेषा ज्या पेशीला टेकली आहे तिच्यावर पेन्सिल ठेवून दोन्ही बाजूंना सरक. पेन्सिल कापाच्या बाहेर पडली तर ती पेशी रिले नाही. पोटाकडून बाहेर पडली तर मोटर, पाठीकडून पडली तर सेन्सरी.

हे करताना एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे दिसायला हवं. दोन न्यूरॉनच्या मध्ये फट असते, तिला संपर्कस्थान किंवा सिनॅप्स म्हणतात. एका पेशीच्या टोकातून रसायन सुटतं, ते ही फट ओलांडतं आणि पुढच्या पेशीत संदेश सुरू होतो. तव्याच्या शालेय आकृतीत करड्या भागात अशा दोन फटी असतात: सेन्सरी आणि रिलेमध्ये एक, रिले आणि मोटरमध्ये दुसरी. स्वतः आकृती काढताना या दोन जागा ठळकपणे सोड. सगळी एक सलग रेघ ओढली की तपासणाऱ्याला तीन न्यूरॉन दिसतच नाहीत, आणि रिलेचं नाव कुठेही लिहिलं तरी ते हवेत लटकतं.

रिसेप्टर आणि इफेक्टर ही दोन टोकं सोपी वाटतात, पण हाताच्या चित्रात त्यांचीही गल्लत होते. हात मागे आला म्हणून मुलं इफेक्टरची रेषा पंजाला जोडतात. पंजा हलला खरा, पण त्याला मागे ओढलं कुणी? कोपर वाकवणाऱ्या, दंडाच्या पुढच्या बाजूच्या बायसेप्स स्नायूने. संदेशावर प्रत्यक्ष कृती करतो तो अवयव इफेक्टर. त्याच्या कृतीमुळे जे नुसतं हललं ते इफेक्टर नव्हे. म्हणून रेषा दंडाच्या स्नायूवरच टेकली पाहिजे. तसंच रिसेप्टर म्हणजे अख्खं बोट नव्हे. रेषेचं टोक तव्याला टेकलेल्या कातडीत, जिथे तंतूची बारीक टोकं आहेत, तिथे ने. वेदना आणि चटका ओळखणारे हे रिसेप्टर म्हणजे सेन्सरी न्यूरॉनचीच कातडीत पसरलेली उघडी टोकं असतात. वेगळी पेशी शोधत बसलास तर ती सापडणार नाही. त्यामुळे आकृतीत तारेचं अगदी टोक रिसेप्टर आणि त्यामागची लांब तार सेन्सरी न्यूरॉन, असं वाचायचं.

तू दिलेल्या चार नावांत मोटर न्यूरॉन नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? इथे उत्तर तुझ्या पेपरवर अवलंबून आहे. रेषा चारच असतील तर मोटर न्यूरॉनच्या तारेवर रेषा नसेल किंवा तिचं नाव आधीच छापलेलं असेल, आणि चार नावं चार जागी बसतील. रेषा पाच असून यादीत नावं चार असतील तर रिकामी राहणारी जागा मोटर न्यूरॉनची, आणि ती तू ओळखून सोडायची आहे. रिलेपाठोपाठ यादीत इफेक्टर आला म्हणून रिलेच्या लगतच्या तारेला इफेक्टर लिहिणं ही याच यादीतून निघणारी चूक आहे. रिले न्यूरॉन थेट स्नायूपर्यंत जात नाही. प्रश्न «क्रमाने लिहा» असा असेल आणि नावं तू स्वतः द्यायची असतील, तर पाचही लिही: रिसेप्टर, सेन्सरी न्यूरॉन, रिले न्यूरॉन, मोटर न्यूरॉन, इफेक्टर.

सीबीएसईच्या दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातल्या आकृतीत मेरुरज्जूपासून «मेंदूकडे संदेश» असाही एक फाटा दाखवलेला आहे. पुष्कळ मुलं त्याला आर्कमधला एक टप्पा समजून क्रमात घुसवतात. तो फाटा आर्कचा भाग नाही. हात मागे घेण्याची वाट मेरुरज्जूतच पूर्ण होते. मेंदूला त्याची खबर वेगळ्या वाटेने जाते आणि म्हणून चटका नीट जाणवेपर्यंत हात बहुधा तव्यावरून उचललेला असतो. पण यावरून «मेंदू रिफ्लेक्समध्ये कधीच नसतो» असंही लिहू नकोस. डोळ्यावर टॉर्च मारली की बाहुली आकुंचन पावते, त्या रिफ्लेक्सची वाट मेंदूच्या खालच्या भागातून, मेंदूच्या देठातून जाते. तिथे आकृतीत मेरुरज्जू शोधून सापडणार नाही.

मघाशी गुडघ्याचा उल्लेख केला. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर छोटी हातोडी मारतात आणि पाय पुढे उडतो, ती आकृती वेगळी आहे. हातोडीने कंडरा दाबली की मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. हा ताण ओळखणारा रिसेप्टर कातडीत नसतो, तो त्याच स्नायूच्या आत असतो. तिथून निघालेला सेन्सरी न्यूरॉन कंबरेच्या भागातल्या मेरुरज्जूत शिरतो आणि मध्ये कुणी न घेता थेट मोटर न्यूरॉनशी जोडला जातो. मोटर न्यूरॉन परत त्याच स्नायूकडे येतो. म्हणजे या मुख्य वाटेत रिले न्यूरॉन नाहीच, फट एकच आहे, आणि रिसेप्टर व इफेक्टर एकाच स्नायूत आहेत. दोन्ही तारांची बाहेरची टोकं एकाच स्नायूत असल्यामुळे «कातडी की स्नायू» ही युक्ती इथे चालत नाही. गाठ मात्र इथेही चालते. काही आकृत्यांत मांडीच्या मागच्या स्नायूकडे जाणारी दुसरी शाखा दाखवतात, तिच्यात एक रिले न्यूरॉन असतो आणि त्याचं काम मागच्या स्नायूला शांत ठेवण्याचं असतं. गुडघ्याची आकृती देऊन रिले न्यूरॉन दाखवायला सांगितलं असेल तर तो त्या शाखेवरच दाखवायचा. शाखा काढलेली नसेल तर रिले जबरदस्तीने मधे घालू नकोस.

तव्याची आकृतीसुद्धा खऱ्या शरीराचं बरंच सोपं केलेलं रूप आहे, हे माहीत असलेलं बरं. आकृतीत येणारी आणि जाणारी तार दोन वेगळ्या रस्त्यांनी हातात जातात. प्रत्यक्षात दोन्ही मुळं गाठीच्या थोडं पलीकडे एकत्र येतात आणि पुढे दोन्ही प्रकारचे तंतू एकाच चेतेत असतात. म्हणून रेषा त्या एकत्र झालेल्या जाड भागावर असेल तर उत्तर सेन्सरीही नाही आणि मोटरही नाही, ती मेरुचेता आहे, म्हणजे स्पायनल नर्व्ह. शिवाय आकृतीत सगळं एकाच चकतीत दिसतं. मधल्या बोटाची संवेदना मुख्यतः मानेतल्या सातव्या चेतेतून आत येते आणि बायसेप्सला जाणारे तंतू मुख्यतः पाचव्या-सहाव्या चेतेतून निघतात. मधलं अंतर रिले न्यूरॉन जोडतात, आणि ते एक नसून पुष्कळ असतात. दहावीच्या उत्तरात हे लिहायची गरज नाही. पण पुढे अकरावी-बारावीत वेगळी आकृती दिसली तर आधीचं चुकीचं शिकलो असं वाटायला नको.

आकृती भरून झाली की ती स्वतः तपासायची माझी एक पद्धत आहे. मुलांना मी मनात कात्री चालवायला सांगतो. सेन्सरी न्यूरॉन लिहिलेली तार कापली तर काय होईल? संदेश आतच येणार नाही. हात मागे जाणार नाही आणि चटकाही जाणवणार नाही. मोटर लिहिलेली तार कापली तर? चटका जाणवेल, पण दंडाचा स्नायू ओढला जाणार नाही, अगदी मनात आणलं तरी, कारण मेंदूचे हुकूमही त्याच मोटर न्यूरॉनमधून स्नायूपर्यंत पोचतात. रिले तोडला तर चटका जाणवेल आणि तो जाणवल्यावर माणूस हात स्वतः मागे घेऊ शकेल, पण आपोआप होणारी क्रिया थांबेल. तू लिहिलेल्या नावांवर कात्री चालवून यातलं एखादं उत्तर जुळलं नाही, उदाहरणार्थ बोटापासून आत येणारी तार कापूनही चटका जाणवतोय असं निघालं, तर तिथे सेन्सरी आणि मोटर उलटे लिहिले गेले आहेत.

हाच प्रश्न थोडा वर सरकवून परीक्षेत विचारतात: पाठीच्या मधल्या भागात मेरुरज्जू पूर्ण तुटला असेल आणि पायाला टाचणी टोचली तर? पायाच्या रिफ्लेक्सची सगळी वाट त्या तुटलेल्या जागेच्या खाली आहे, म्हणून पाय मागे ओढला जाईल. पण मेंदूकडे जाणारा रस्ता तुटला आहे, त्यामुळे टोचल्याचं कळणार नाही. दुखापतीनंतर लगेच मात्र असं दिसत नाही. सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, खालचा मेरुरज्जू गप्प पडलेला असतो आणि रिफ्लेक्स मिळत नाहीत. नंतर ते हळूहळू परत येतात. दहावीच्या उत्तरात «पाय मागे जाईल, वेदना जाणवणार नाही» एवढं पुरतं, आणि सोबत आकृती काढलीस तर मेंदूकडे जाणाऱ्या फाट्यावर, मेरुरज्जूच्या वरच्या बाजूला, फुली मारून दाखव.